आडवी प्रिंट श्रेडरमध्ये टाकताना दिशा बघा, आणि रिकाम्या टोनरचं काय करायचं

साध्या पट्ट्या कापणाऱ्या श्रेडरमध्ये आडवी प्रिंट (पगाराचा तक्ता वगैरे) तशीच सरकवली तर पट्ट्या ओळींच्याच दिशेने कापल्या जातात, मग एकेका पट्टीवर नाव, खातं नंबर, पगार अशी अख्खी ओळ आरामात वाचता येते.

१. आडवा ए४ डावी-उजवी कड जुळवून मधोमध दुमडा, आता रुंदी साधारण १४८ मिमी होते.
२. ओळी श्रेडरच्या तोंडाला समांतर राहतील असा घाला, म्हणजे प्रत्येक ओळ आडवी कापली जाते. दुमडलेला कागद दोन कागद म्हणून मोजा नाहीतर मशीन अडकतं.
३. एक पट्टी उचलून बघा, पूर्ण शब्द वाचता आला तर दिशा चुकलीय.

उभ्या पत्राला हे काही लागत नाही, सरळ टाका. बारीक तुकडे करणारा श्रेडर असेल तर प्रश्नच मिटला.

रिकामं टोनर कार्ट्रिज मात्र त्या कागदाच्या पोत्यात टाकू नका, पावडर सांडली की रद्दी खराब होते. नवीन कार्ट्रिजच्याच पिशवीत आणि खोक्यात बंद करून कंपनीच्या रिटर्न योजनेत किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

पावडर सांडलीच तर गरम पाणी नको, चिकटून बसते, गार पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपा.