या चुका टाळा : मैदान मोजून नकाशाप्रमाण शिकवताना

नकाशाप्रमाणाचा पाठ मी दरवर्षी शाळेच्या मैदानावर घेतो. सातारा तालुक्यातली आमची शाळा, समोर मैदान, एका अंगाला ओढा. काम अगदी सोपं दिसतं. ध्वजस्तंभापासून फाटकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि १:५०० प्रमाणात कागदावर काढायचं. टेपने नीट मोजलं तर ते अंतर ४८ मीटर आहे, म्हणजे कागदावर ९.६ सेंटिमीटर.

एका वर्षी पाच गटांकडून पाच उत्तरं आली : १५७, १८, २४, ५७.७५ आणि कागदावर जेमतेम एक सेंटिमीटरची रेघ. आधी मी "पुन्हा मोजा" म्हणून सगळ्यांना परत पाठवायचो. ती माझी चूक. उत्तर किती पटीने हुकलंय हे पाहिलं की नेमकं कुठे बिघडलं ते बहुतेक वेळा बसल्या जागी सांगता येतं.

१५७ ला ४८ ने भागा, ३.२७ येतात. एका मीटरचे ३.२८ फूट होतात, त्यामुळे या गटाने टेपची फुटांची बाजू वाचली हे उघड आहे. टेप उलटा करून दाखवला की मुलं स्वतःच डोक्याला हात लावतात. १८ वाल्या गटात पट नाही, फरक बघायचा. तो बरोब्बर ३० मीटरचा आहे आणि आमचा टेपही ३० मीटरचाच. पहिला पूर्ण टेप झाला तो कुणी मोजलाच नाही. यावर जुन्या मोजणीदारांची युक्ती चालते. टेप संपला की पुढचा मुलगा जमिनीत एक सळई खोचतो आणि मागचा ती उचलून हातात घेतो. मागच्याच्या हातात जितक्या सळया, तितके पूर्ण टेप. तोंडी हिशोब ठेवायचाच नाही.

एक सेंटिमीटरची रेघ काढणाऱ्यांची मोजणी बरोबर होती, घोळ प्रमाणात झाला. १:५०० म्हणजे १ सेंटिमीटरला ५० मीटर असं त्यांनी धरलं होतं. अंकप्रमाणाला एकक नसतं, ही गोष्ट आपण शिकवताना घाईत उरकतो. मी आता फळ्यावर तीन ओळी लिहूनच घेतो : कागदावर १ सेंमी, जमिनीवर ५०० सेंमी, म्हणजे ५ मीटर. मधली ओळ गाळली की दहाने भागायचं की शंभराने, याचा अंदाजपंचे कारभार सुरू होतो.

खरी गंमत पावलांची. टेप एकच असतो, त्यामुळे दोन गटांना मी पावलांनी मोजायला लावतो. २४ वाल्यांचं उत्तर थेट निम्मं आलं होतं. पाऊल किती लांब हे काढताना त्यांनी दोन्ही पायांची पावलं मोजली आणि प्रत्यक्ष चालताना फक्त उजव्या पायाची. मोजायची कुठलीही पद्धत घ्या, पण दोन्ही वेळा तीच घ्या.

५७.७५ चं कारण मात्र मला लगेच सापडलं नाही. ही वीस टक्क्यांची चूक कुठल्याच ठरावीक पटीत बसत नव्हती. त्या गटातल्या मुलीने ७७ पावलं मोजली होती, ती बरोबर होती. ३० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यात तिची ४० पावलं पडली होती, म्हणून पाऊल ७५ सेंटिमीटर धरलं. पण त्या पट्ट्यात चालताना मी बाजूला उभा होतो. सर बघतायत म्हटल्यावर तिने ढांगा टाकल्या. नंतर घरी जाताना चालतेस तशी चाल म्हटलं, तर त्याच ३० मीटरला ४८ पावलं लागली. म्हणजे पाऊल ६२.५ सेंटिमीटर. ७७ ला त्याने गुणा, ४८ मीटर १२ सेंटिमीटर येतात.

तेव्हापासून पट्टा तीनदा चालायला लावतो, सरासरी काढतो आणि मी तोंड फिरवून उभा राहतो. मोजायचं अंतरही जाऊन-येऊन दोनदा चालायचं. दोन-तीन पावलांचा फरक चालतो. सात-आठचा आला तर कुणीतरी मध्ये पळालंय किंवा आकडा विसरलंय. पावलाला यार्ड समजण्याची सवय क्रिकेटमधूनही येते. मुलं २२ पावलं टाकून खेळपट्टी आखतात. खरी खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. या मुलीच्या २२ पावलांत पावणेचौदा मीटरच होतात. गोलंदाज गावात एवढे वेगवान का वाटतात, ते इथे कळतं!

५७.७५ मीटर या उत्तरातल्या ७५ सेंटिमीटरच्या शेपटाबद्दलही बोलायला हवं. पावलांनी मोजून सेंटिमीटरमध्ये उत्तर लिहिणं ही खोटी अचूकता. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि १:५०० वर तेवढ्या जाडीत जमिनीवरचे २५ सेंटिमीटर झाकले जातात. म्हणून मैदानाच्या किरकोळ उताराने किंवा टेपच्या थोड्या झोळाने मी हैराण होत नाही. ३० मीटरमध्ये तब्बल ३ मीटर चढ असला तरी आडवं अंतर २९.८५ मीटर भरतं. १५ सेंटिमीटरचा हा फरक रेघेतच बुडतो.

चार बाजू मोजून मैदान काढणं ही आणखी एक चूक, आणि ही शिक्षकही करतात. आमच्या मैदानाच्या समोरासमोरच्या बाजू ६० आणि ४० मीटर भरतात. मुलांनी सरळ आयत काढला. पण ओढ्याकडची भिंत तिरकी आहे. फक्त चार बाजूंनी चौकोन ठरत नाही, खाटेसारखा तो तिरका होऊ शकतो. एक कर्ण मोजला की प्रश्न सुटतो. आयत असता तर कर्ण ७२ मीटर आला असता, आमचा ६६ आला. मग १३.२ सेंटिमीटरचा कर्ण आधी काढायचा, त्याच्या दोन्ही टोकांवरून कंपासने १२ आणि ८ सेंटिमीटरचे कंस मारायचे, आणि हेच कर्णाच्या दुसऱ्या बाजूला अदलाबदल करून करायचं. भिंत कागदावर आपोआप तिरकी उतरते.

तयार नकाशाची झेरॉक्स काढताना जपा. ए-थ्रीचा कागद ए-फोरवर आणला की ९.६ ची रेघ ६.८ सेंटिमीटर होते, पण खाली छापलेलं १:५०० तसंच राहतं. त्यावरून मोजलं तर फाटक ३४ मीटरवर येतं. नकाशाखाली रेषाप्रमाण काढलेलं असेल तर तीही रेघ सोबत आकसते आणि उत्तर बरोबर निघतं. मोबाईलवर फोटो काढून पाठवला तरी हेच लागू होतं.

शेवटची तपासणी मी गुंठ्यांवर सोडतो, कारण गुंठा आमच्या पोरांच्या डोळ्यांत बसलेला असतो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आमचं मैदान साधारण २३ गुंठे भरतं. पावलं निम्मी मोजणाऱ्या त्या गटाने सगळ्या बाजू तशाच मोजल्या होत्या. बाजू निम्म्या झाल्या की क्षेत्र पाव होतं, त्यामुळे त्यांचं मैदान सहा गुंठ्यांच्याही आत आलं. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढ्यात तर आमची आल्याची पट्टीच हाय की." गट वही घेऊन न सांगता फाटकाकडे निघाला.