क्लायंटसाठी बनवलेली शीट टेम्प्लेट म्हणून कशी विकायची: फराळाच्या हिशोबाचं उदाहरण

मी फ्रीलान्स काम करतो, छोट्या धंदेवाल्यांना एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये हिशोब बसवून देतो. दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका काकूंना दिवाळीच्या फराळासाठी शीट करून दिली होती, कुठल्या पदार्थाला किती खर्च येतो आणि पाव किलोचं पाकीट कितीला विकायचं ते काढणारी. महिन्याभरात त्यांच्या ओळखीच्या तिघींचे फोन आले, "काय रे, ती शीट आम्हाला पण दे ना." तेव्हा डोक्यात आलं की हे प्रत्येकीला वेगळं बसवून देण्यापेक्षा एकदाच नीट बनवून 299 रुपयांना विकावं. तेच कसं केलं ते इथे सांगतो, बाकी प्रकारच्या टेम्प्लेटलाही बरंचसं लागू पडेल.

आधी क्लायंटचा विषय मिटवा

आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं काम करणारा स्वतःच साधारणपणे पहिला मालक असतो. नोकरीत असताना बनवलं तर गोष्ट वेगळी, ते कंपनीचं. फ्रीलान्सरकडून हक्क क्लायंटकडे जायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणजे तुम्ही काही सही केली नसेल तर शीटची रचना आणि फॉर्म्युले बहुतेक तुमचेच. पण एखाद्या कंपनीचं काम केलं असेल तर अ‍ॅग्रीमेंट काढून वाचा, त्यात 'सगळं काम आणि त्याचे सर्व हक्क क्लायंटचे' असं एक कलम हमखास असतं आणि आपण ते न वाचता सही केलेली असते. तसं असेल तर ती शीट विकायची नाही, विषय संपला.

आणि क्लायंटचे भाव, तिची प्रमाणं, गिऱ्हाइकांची नावं, लोगो हे तिचंच, कायदा काहीही म्हणो. मी काकूंना सरळ व्हॉट्सॲप केला: "काकू, तुमच्यासाठी केली तशी रिकामी शीट मी इतरांना विकणार आहे, तुमचे भाव आणि प्रमाण त्यात कुठेच नसेल, चालेल ना?" त्यांनी हो म्हटलं, तो मेसेज जपून ठेवलाय.

जुनी फाइल साफ करू नका, नवी उघडा

इथे मी माती खाल्ली होती. काकूंच्या फाइलची कॉपी काढली, आकडे पुसले, आणि त्यांच्या होलसेलच्या भावांचा टॅब फक्त लपवला. पहिल्याच विकत घेणाऱ्या ताईने कॉपी केली आणि तिला तो टॅब उघडता आला, कारण कॉपी करणारा त्या कॉपीचा मालक होतो आणि मालकाला लपवलेले टॅब दोन क्लिकमध्ये दिसतात. नशीब ताई चांगल्या, त्यांनीच मला फोन करून सांगितलं. तेव्हापासून कोरी फाइल घेतो आणि फक्त फॉर्म्युले हाताने परत लिहितो. एक शनिवार जातो, पण ड्रॉपडाउनच्या यादीत किंवा सेलच्या नोटमध्ये कोणाचं काही राहिलंय का ही धाकधूक राहत नाही.

अनोळखी माणसाच्या हातात टिकेल अशी बनवा

क्लायंटला दिलेली शीट चालते कारण बाजूला बसून तुम्ही समजावलेलं असतं. टेम्प्लेट घेणारीला तुम्ही दिसतच नाही, त्यामुळे सगळी मेहनत इथेच आहे.

फराळाच्या शीटमध्ये सगळ्यात जास्त घोळ मापांचा होतो. कोणी मैदा किलोत लिहितं, साखर ग्रॅममध्ये, दूध कपात. मी एकच नियम ठेवला की सगळं ग्रॅम नाहीतर मिलीमध्ये, आणि कॉलमच्या डोक्यावरच तसं लिहिलं. B मध्ये पाकिटाचं वजन, C मध्ये पाकिटाची किंमत, D मध्ये किती वापरलं, आणि खर्चाच्या कॉलममध्ये हा फॉर्म्युला:

```
=IF(B4="","",C4/B4*D4)
```

पुढचं IF काढलंत तर रिकाम्या ओळींमध्ये शून्याने भागल्याची एरर दिसते आणि "शीट बिघडलीये" असा मेसेज आलाच समजा.

नमुना म्हणून एक पदार्थ भरून द्या, तो भरताना तुमचेच फॉर्म्युले तपासून होतात. मी शंकरपाळे भरले (भाव समजण्यापुरते धरा). मैदा 1 किलो 45 रुपये, साखर 400 ग्रॅम 18.40, तूप 250 ग्रॅम 162.50, दूध पाव लिटर 15, आणि तळताना मुरलेलं 200 ग्रॅम तेल 30 रुपये. एकूण 270.90, म्हणजे 271 धरू. बायका हिशोब करताना चुकतात त्या दोन जागी: एक तर कढईत ओतलेलं सगळं तेल धरतात किंवा अजिबात धरत नाहीत, खरं म्हणजे तळण्याआधीच्या तेलातून उरलेलं वजा करायचं असतं. दुसरं म्हणजे जिन्नसांच्या वजनाची बेरीज म्हणजेच तयार माल असं समजतात. इथे जिन्नस 2 किलोच्या वर जातात, पण पाणी उडतं, तयार शंकरपाळे आपण 1750 ग्रॅम धरू. म्हणून शीटमध्ये 'तयार माल वजन करून लिहा' असा पिवळा सेल ठेवलाय, तो भरल्याशिवाय किंमत दिसतच नाही.

त्यात गॅस 20, तीन तासांची मजुरी 100 रुपये तासाने 300, सात पाकिटांचं पॅकिंग 42. सगळं मिळून 633, म्हणजे पाव किलोच्या पाकिटाला साधारण 90 रुपये खर्च. हा आकडा बघितल्यावर "अगं बाई, मी तर 80 ला विकते" असं एकीने लिहिलं होतं, आणि माझ्या मते लोक 299 देतात ते या एका क्षणासाठी.

आता सेल लॉक करायचं. सगळे फॉर्म्युल्याच्या सेलना प्रोटेक्शन लावून फक्त स्वतःला परवानगी देतात, त्याचा काही उपयोग नाही, कॉपी केल्यावर मालक तीच होते आणि तिला काहीच अडत नाही. त्यापेक्षा `Show a warning when editing this range` हा पर्याय घ्या, तो मालकालाही विचारतो की इथे खरंच बदल करायचाय का.

ॲप्स स्क्रिप्ट शक्यतो टाळा. तुम्हाला बटण दाबून बिल काढणं फार भारी वाटेल, पण ते चालवायला गेलं की गूगल परवानगी मागतं, 'हे ॲप व्हेरिफाय केलेलं नाही' म्हणतं, आणि समोरची घाबरून पैसे परत मागते. तसंच एक्सेलवर उघडणारे असतात, तिथे QUERY चालत नाही, म्हणून मी साधे SUM, IF आणि VLOOKUP यातच भागवलं.

कॉपीची लिंक आणि मोबाइल

फाइल शेअर करताना 'लिंक असलेल्या कोणालाही' आणि फक्त बघण्याची परवानगी द्या. मग लिंकच्या शेवटी `/edit` पासून पुढचं सगळं पुसून तिथे `/copy` लिहा. कॉम्प्युटरवर उघडलं की थेट कॉपी करायचं बटण येतं. चुकून एडिटची परवानगी दिलीत तर सगळ्याजणी एकाच फाइलमध्ये लिहायला लागतील आणि एकीचे भाव दुसरीला दिसतील, म्हणून इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघितल्याशिवाय लिंक कोणाला पाठवू नका.

पण आपली गिऱ्हाइकं कॉम्प्युटर उघडतच नाहीत. फोनवर शीट्स ॲप मध्ये येतं आणि नुसती न बदलता येणारी शीट दिसते असं होतं. त्यासाठी पहिल्या टॅबवर मोठ्या अक्षरात लिहा: वरचे तीन ठिपके, `Share & export`, मग `Make a copy`. मी प्रत्येक नवी शीट ठाण्याहून दादरला जाताना स्लो लोकलमध्ये उभ्याउभ्या फोनवर भरून बघतो. एका हाताने भरता आली नाही तर कॉलम जास्त झालेत. पहिल्या वेळी 14 कॉलम होते, आता 5 आहेत.

पैसे घेणं

बाहेरच्या प्लॅटफॉर्मचं आकर्षण वाटतं पण स्वस्त वस्तूला ते परवडत नाही. गमरोडचा दर 2025 पासून विक्रीच्या 10 टक्के अधिक 50 सेंट. डॉलर 85 रुपये धरला तर 299 च्या शीटवर हेच जवळपास 72 रुपये होतात. रेझरपेसारख्या गेटवेचा नेहमीचा दर 2 टक्के आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 7 रुपये. भारतातल्या भारतात विकायचं तर हेच बरं, फक्त केवायसीला वेळ जातो म्हणून सीझनच्या आधी उरकून ठेवा. पेमेंट झाल्यावर दिसणाऱ्या मेसेजमध्ये लिंक टाकून ठेवायची, म्हणजे रात्री साडेअकराला कोणी घेतलं तरी तुम्हाला उठायला नको. नुसता यूपीआयचा क्यूआर ठेवला तर फी वाचते पण प्रत्येक स्क्रीनशॉट तपासून लिंक पाठवत बसावं लागतं, पहिल्या दहा विक्रींपर्यंत ते ठीक आहे.

जीएसटीचं एवढंच लक्षात ठेवा की सेवांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची, आणि त्यात क्लायंटची बिलं आणि टेम्प्लेटची विक्री एकत्र धरतात. टेम्प्लेटचं वेगळं खातं असतं असं समजू नका.

खरा खर्च फोनचा

299 मधून गेटवे जाऊन हातात 292 उरतात. क्लायंटच्या कामाचा माझा दर तासाला 800, म्हणजे एका ताईशी 22 मिनिटं बोललो की त्या विक्रीतून मला काहीच मिळालं नाही. म्हणून मी एका वहीत लिहायला लागलो, कोणी काय विचारलं आणि किती मिनिटं गेली. पहिल्या दिवाळीला जवळजवळ सगळे प्रश्न तीनच होते: कॉपी होत नाही, आकडा टाकला तर तारीख येते, आणि नवीन पदार्थ कसा वाढवायचा. दुसऱ्याचं कारण सेलचा फॉरमॅट ऑटोमॅटिक ठेवलेला, कोणी 1/2 लिहिलं की शीट त्याची तारीख करते. तिथे फॉरमॅट आधीच नंबर करून ठेवला आणि व्हॅलिडेशन लावलं की 0 ते 20000 मधलीच संख्या चालेल, कारण शीट तारखेलाही आतून 40 हजारांच्या वरची संख्याच धरते. तिसऱ्यासाठी पंधरा पदार्थांचे रिकामे टॅब आधीच देऊन टाकले. फोन बंद झाले नाहीत पण क्लायंटच्या कामाच्या वेळात येईनासे झाले, आणि जे येतात त्यांना 40 सेकंदांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ पाठवतो. विकायलाही तोच व्हिडिओ वापरतो, फराळवाल्या बायकांच्या ग्रुपवर गणपती झाल्या झाल्या टाकतो, कारण नवरात्रात ऑर्डरी सुरू झाल्या की त्यांना शीट शिकायला वेळ नसतो.

लिंक फॉरवर्ड होणारच. ते थांबवण्यात मी वेळ घालवत नाही, दिवाळी झाली की जुन्या फाइलचं शेअरिंग बंद करतो. ज्यांनी कॉपी केलीये त्यांची कॉपी त्यांच्याच ड्राइव्हमध्ये असते त्यामुळे त्यांना काही होत नाही, फॉरवर्ड झालेली लिंक मात्र मरते. पुढच्या वर्षी सुधारलेली शीट नव्या लिंकवर येते, पहिल्या टॅबवर वर्ष लिहिलेलं असतं, आणि जुन्या ताईंना ती फुकट पाठवतो, कारण त्यांच्या कॉपीत माझ्या सुधारणा आपोआप पोचत नाहीत.