कॅम चेन वाजतेय? टेन्शनर खोलायच्या आधी एवढं बघा

सकाळी थंड इंजिन चालू केलं की खडखड, चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल सोडला की परत खडखड, तर आधी ती टॅपेटची नाही ना ते बघा. टॅपेटची टकटक वर हेडमधून येते, चेनचा आवाज सिलेंडरच्या ज्या बाजूने चेन जाते तिथून. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, लगेच कळतं. ऑइलची लेव्हल पण बघून घ्या, हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर तो ऑइलच्या प्रेशरवरच चालतो.

सामान फार नाही, नवीन गॅस्केट, पाने, टॉर्च. इंजिन पूर्ण थंड हवं. मग फ्लायव्हीलची टी खूण खिडकीत आणा, पण कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही रॉकर ढिले लागले पाहिजेत, नाहीतर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात आणि चेनवर ओढ राहते. टेन्शनर बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका, चेन एक दात सरकली की टायमिंग गेलं.

साध्या ऑटोमॅटिक टेन्शनरमध्ये आत स्प्रिंग आणि दातेरी प्लंजर असतो, चेन ढिली पडेल तसा तो एकेक दात बाहेर येतो आणि मागे जात नाही. म्हणून काढल्याबरोबर तो किती बाहेर आलाय ते बघा, मगच दात अडवणारा खटका सोडून आत दाबा. म्हापशातल्या एका मोटरसायकल टॅक्सीवाल्या पायलटाची 150 सीसी बाइक, टेन्शनर नवा घालूनही वाजत होती, खोलला तर नवा प्लंजरसुद्धा जवळजवळ शेवटच्या दातापर्यंत आलेला. म्हणजे दोष टेन्शनरचा नव्हताच, चेन लांबली होती आणि गाइड झिजलं होतं, ते दोन्ही बदलल्यावरच शांत झाली. प्लंजर अर्ध्यावर असेल आणि बोटाने दाबल्यावर मागे जात असेल, तर मात्र टेन्शनरच गेलेला.

मॅन्युअल टेन्शनरमध्ये नुसता बोल्ट आणि लॉकनट, जेवढा पिळाल तेवढाच राहतो, चेन झिजली की परत तुम्हीच यायचं. फायदा असा की दात सुटायची भीती नाही, पण बरेच जण थंड इंजिनवर घट्ट पिळून मोकळे होतात आणि तिथेच गाइड खातात. अ‍ॅल्युमिनियमचा सिलेंडर तापल्यावर स्टीलच्या चेनपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे चेन आपसूक ताणली जाते. म्हणून बोटाने टेकेपर्यंत आणून पाव फेरा मागे घ्यायचा, मग आयडलवर ऐकत खडखड थांबेपर्यंतच हळू पिळायचा, लॉकनट लावताना बोल्ट धरून ठेवायचा. गरम झाल्यावर घरघर यायला लागली तर जास्त झालंय, थोडा सोडा.

कुठलाही बसवा, सेल्फ मारण्याआधी फ्लायव्हीलच्या नटावर पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि टी खूण व कॅम स्प्रॉकेटची खूण परत जुळतायत ना बघा. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल.