गिअर कपलिंग की बेलोज कपलिंग? गिअरबॉक्स आणि एन्कोडरवर या चुका टाळा

पत्रा ठरावीक लांबीत कापणारी कट-टू-लेंथ लाइन घ्या. कॉइलमधून येणारा पत्रा फीड रोल ओढतात, हवी तेवढी लांबी पुढे गेली की रोल थांबतात आणि शिअर खाली येते. मोटर 15 किलोवॅट, 1450 आरपीएम. पुढे 15:1 चा गिअरबॉक्स, गिअरबॉक्स आणि रोल यांच्यामध्ये गिअर कपलिंग. रोलचा व्यास 200 मिमी. एन्कोडर मोटरच्या मागे बसवलेला. तक्रार अशी येते की ड्राइव्हच्या स्क्रीनवर पोझिशन अगदी बरोबर दिसते, पण पत्र्याची लांबी प्रत्येक तुकड्याला थोडी वेगळी भरते.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात ती ड्राइव्हचे पॅरामीटर हलवण्याची. खरा प्रश्न कपलिंगमध्ये असतो.

गिअर कपलिंगमध्ये हबवरचे बाहेरचे दाते स्लीव्हच्या आतल्या दात्यांत बसतात. शाफ्ट थोडे वाकडे असले तरी ते चालावे म्हणून दात्यांमध्ये मुद्दाम जागा ठेवलेली असते. ही जागा, म्हणजे प्ले, हा त्या कपलिंगचा दोष नाही. तिच्यामुळेच ते जड टॉर्क वर्षानुवर्षे वाहू शकते. पण मोजमापाला ती महाग पडते. समजा, दात्यांच्या वर्तुळाची त्रिज्या 75 मिमी आहे आणि प्ले 0.3 मिमी आहे. म्हणजे कोन 0.3 भागिले 75, 0.004 रेडियन. रोलची त्रिज्या 100 मिमी, म्हणून रोलच्या पृष्ठभागावर 0.4 मिमी. मोटर थांबताना जड रोल आपल्या वेगाने पुढे सरकतो आणि ही मोकळी जागा ओलांडतो. मोटरच्या एन्कोडरला त्यातलं काहीच कळत नाही.

खात्री करायची असेल तर थांबण्याचा वेग हळू करून पाहा. डिसेलरेशन निम्म्यावर आणल्यावर फरक कमी झाला तर प्लेवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र पत्रा रोलवर घसरत असेल तरीही हाच परिणाम दिसतो, म्हणून एवढ्यावर निदान ठरवू नका. मेन बंद करून टॅग लावा, मोटरचा ब्रेक लागलेला ठेवा. डायल इंडिकेटर आधी गिअरबॉक्सच्या बाजूच्या हबवर आणि मग त्याच त्रिज्येवर रोलच्या बाजूच्या हबवर लावा. दोन्ही वेळा रोल लिव्हरने पुढे-मागे हलवा. गिअरबॉक्सकडचा हब 0.1 मिमी हलला आणि रोलकडचा 0.4 मिमी, तर 0.3 कपलिंगचा आणि 0.1 गिअरबॉक्सचा. हे वेगळं न काढता कपलिंग बदलणं म्हणजे अंदाजावर पैसे खर्च करणं.

"प्ले नको, तर बेलोज लावू"

ही चूक सर्वांत महागात पडते. बेलोज कपलिंगचा पातळ स्टेनलेस स्टीलचा घडीदार भाग वाकतो, पण पिळत जवळजवळ नाही, आणि त्यात प्ले शून्य असतो. म्हणून मोह होतो. आता टॉर्क काढू. 9550 गुणिले 15 भागिले 1450, म्हणजे मोटरवर सुमारे 99 न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सनंतर तो 15 पट होतो. गिअरबॉक्समधला तोटा धरूनही साधारण 1400 न्यूटन-मीटर. कॅटलॉगमध्ये 1500 चं बेलोज मिळेलही. पण इमर्जन्सी स्टॉप दाबला, किंवा पत्रा अडकला, की टॉर्क सहज दुपटीवर जातो. बेलोजना थोड्या वेळासाठी साधारण दीडपट ताण चालतो. त्यापलीकडे घड्या कायमच्या पिळल्या जातात आणि पुढच्या काही दिवसांत तिथेच तडा जातो. गिअर कपलिंग असा झटका पचवतं. जड गिअरबॉक्सवर तेच राहू द्या. प्ले खरोखरच चालणार नसेल आणि टॉर्कही मोठा असेल, तर डिस्क कपलिंगचा विचार करा, पण तेही सर्व्हिस फॅक्टर धरूनच. फक्त किलोवॅट सांगून कपलिंग मागवू नका. गिअरबॉक्सच्या कोणत्या बाजूला बसणार आहे ते आधी सांगा, कारण त्याच 15 किलोवॅटला दोन्ही बाजूंच्या टॉर्कमध्ये इथे जवळजवळ 14 पट फरक आहे.

मग उपाय काय? लांबी मोजायची तर एन्कोडर रोलच्या टोकाला लावा, आणि बेलोजची खरी जागा तिथेच आहे. एन्कोडरला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, त्याला फक्त कोन बिनचूक पोहोचायला हवा. वेगाचा फीडबॅक मोटरच्या एन्कोडरवरूनच राहू द्या आणि पोझिशनचा रोलवरून घ्या. याला एक मर्यादा आहे. प्ले आता पोझिशन लूपच्या आत येतो. तो जास्त असेल तर रोल थांबल्यावर ड्राइव्ह पुढे-मागे शोधत राहते आणि टकटक ऐकू येते. त्यामुळे झिजलेलं गिअर कपलिंग एन्कोडर हलवून लपवता येत नाही.

एन्कोडरचं बेलोज वारंवार तुटतं तेव्हा

टॉर्क नगण्य असूनही तुटतं, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. ते तुटतं वाकण्याने. शाफ्ट एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला घड्या एकदा उलट-सुलट वाकतात. आपला रोल 97 आरपीएमने फिरतो, म्हणजे तासाला सुमारे 5,800 वेळा. मोटरच्या मागे 1450 आरपीएमला हाच आकडा तासाला 87,000. लहान बेलोजना समांतर ऑफसेट साधारण 0.1 ते 0.25 मिमीच चालतो.

इथे मोजताना एक घोटाळा नेहमी होतो. डायल पूर्ण फिरवल्यावर 0.3 मिमी फरक दिसला तर ऑफसेट 0.3 नाही, त्याच्या निम्मा, 0.15 असतो. उलट, स्केलने किंवा नजरेने जुळवून "बसलं" म्हणणाऱ्याकडे अर्धा मिमी सहज राहून जातो.

आधी रोलच्या टोकाला बसवलेल्या स्टब शाफ्टचा रन-आउट बघा आणि तो 0.05 मिमीच्या आत आणा. मग स्टबवर डायल बांधून एन्कोडर ब्रॅकेटच्या बोअरवर फिरवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्टब वाकडा असेल तर घड्या एकाच बाजूला वाकलेल्या राहतात आणि मार एन्कोडरच्या बेअरिंगला बसतो. ब्रॅकेट चुकलं असेल तर घड्या दर फेऱ्याला वाकतात आणि तडा जातो. म्हणून घडीच्या कडेने गोल तडा दिसला की आधी ब्रॅकेट तपासा.

बसवताना हातोडी नको. एन्कोडरच्या आतली काचेची डिस्क तडकते. बेलोज ताणून किंवा दाबून अंतर जुळवू नका, हब शाफ्टवर सरकवा. शाफ्ट आणि बोअर तेलविरहित पुसा, क्लॅम्पचा स्क्रू टॉर्क रेंचने सांगितलेल्या टॉर्कलाच घट्ट करा आणि हबपासून शाफ्टपर्यंत पेंटची एक रेघ मारा. लांबी हळूहळू एकाच दिशेने सरकत असेल आणि रेघ तुटलेली दिसली, तर क्लॅम्प घसरतोय.

गिअर कपलिंगचं ग्रीस

सीलपाशी तांबूस-तपकिरी पूड दिसली तर दाते कोरडे घासत आहेत. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस इथे भरू नका. कपलिंगसाठी बनवलेलं, जाड तेलाचं, ईपी ग्रीस लागतं, कारण दाते एकमेकांवर घरंगळत नाहीत, प्रत्येक फेऱ्याला थोडे पुढे-मागे घसरतात. भरताना समोरासमोरचे दोन्ही प्लग काढा आणि दुसऱ्या छिद्रातून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. एकच प्लग उघडला तर हवा आत अडकते आणि सील बाहेर ढकललं जातं. पूड दिसल्यावर नुसतं ग्रीस भरून थांबू नका. वरची डायलची चाचणी करा आणि आकडा लिहून ठेवा. प्ले 0.3 वरून 0.9 मिमीवर गेला असेल तर रोलवरची चूक 0.4 वरून 1.2 मिमी झालेली असते. तेव्हा हब आणि स्लीव्ह दोन्ही जोडीनेच बदला. नवे दाते जुन्या झिजलेल्या दात्यांत नीट बसत नाहीत.