गॅजेट उघडणाऱ्या मुलासाठी पुस्तक घेताना या चुका टाळा

घरातला रिमोट, जुना रेडिओ, खेळण्यातली गाडी असं सगळं उघडून बसणाऱ्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक घेताना पालक चित्रं, पानं आणि किंमत बघतात. पुस्तकातले सुटे भाग नाशकात मिळतील का, हे कोणी बघत नाही. पुढची बरीचशी रडारड इथूनच सुरू होते.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. परदेशी पुस्तकात ट्रान्झिस्टरने, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या तीन पायांच्या भागाने, मोटर चालवायचा प्रयोग असतो आणि भाग असतो PN2222A. एमजी रोडवर विचारलं, की दुकानदार म्हणतो, “तो नाही, BC547 घेऊन जा, चालेल.” दोन्ही एकाच एनपीएन प्रकारचे आहेत, दिसायलाही सारखेच. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर PN2222A चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि BC547 चे कलेक्टर, बेस, एमिटर. पुस्तकातल्या चित्राबरहुकूम जोडणी केली, तर तो उलटा बसतो. गंमत म्हणजे उलटा ट्रान्झिस्टरही थोडंफार काम करतो. एलईडी मिणमिणतो, मोटर हलत नाही, आणि पोरगं बिचारं बॅटरी बदलत बसतं.

एलईडी मंद दिसला, तर आधी पायांचा क्रम डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर तपासा. मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून लाल टोक मधल्या पायाला आणि काळं आळीपाळीने बाजूच्या पायांना लावा. दोन्हीकडे 0.6 ते 0.7 व्होल्ट आलं, तर ट्रान्झिस्टर शाबूत आहे, चूक जोडणीत आहे.

पाय सुधारले तरी मोटरसाठी BC547 नकोच. त्याची करंटची मर्यादा 100 मिलिअँपिअर आहे, PN2222A ची 600. खेळण्यातली मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर सहज याहून जास्त करंट ओढते. मग ट्रान्झिस्टर चटका बसेल इतका तापतो आणि जातो. BD139 दीड अँपिअरपर्यंत झेपवतो, पण त्याच्या पायांचा क्रम पुन्हा वेगळाच. मोटरला 1N4007 डायोड उलटा लावायचा, पट्टी प्लसकडे. नाहीतर बंद करतानाचा झटका ट्रान्झिस्टरला बसतो. चौकोनी 9 व्होल्टची बॅटरीही मोटरपुढे लगेच मान टाकते. तीन पेन्सिल सेल बरे.

म्हणून पुस्तक घेण्याआधी मधलाच एखादा प्रयोग उघडा आणि त्याची सामानाची यादी दुकानात दाखवा. नुसता नंबर न देता किती व्होल्ट, किती करंट आणि पायांचं चित्र देणारं पुस्तक निवडा. बदली भाग त्याच जोरावर शोधता येतो. फक्त स्वतःच्या किटवर चालणारी पुस्तकं मला पटत नाहीत. किटमधला एक भाग हरवला की पुस्तक कपाटात जातं.

आणखी एक पान जरूर शोधा: कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, डिस्चार्ज करण्याचं. जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही सुमारे 300 व्होल्ट धरून असू शकतो. मायक्रोवेव्ह तर मुलाला उघडूच देऊ नका, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.