केळीचा माल नाकारण्याचं पत्र: या चुका टाळा

निपाणी, चिकोडीकडच्या ठोक व्यापाऱ्याकडून सगळ्यात महाग चूक पत्र लिहिण्याआधीच होते. खराब गाडीतले चांगले क्रेट तो विकून टाकतो आणि तिसऱ्या दिवशी ‘माल नाकारला’ असं कळवतो. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 42 प्रमाणे, माल स्वतःचा समजून वापरला किंवा वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. मग साधारणपणे हाती उरते ती नुकसानभरपाईची मागणी. म्हणून आधी नकार कळवा, विकायचं असेल तर पुरवठादाराची लेखी संमती घ्या.

दुसरी चूक फोटोंची. अर्धी फणी पिवळी, अर्धी हिरवी एवढ्या फोटोने दोष पुरवठादाराचा ठरत नाही. पिकवण्याच्या खोलीत वरचे क्रेट पिवळे आणि खालचे हिरवे राहिले, तर बहुधा हवा नीट खेळलेली नाही, म्हणजे चूक आपलीच. पण एकाच क्रेटमध्ये गोल भरलेली फणी पिवळी आणि धारदार कडांची फणी हिरवी असेल, तर कोवळा आणि तयार माल एकत्र काढलाय. त्या दोन फण्या शेजारी ठेवूनच फोटो घ्या. गाडीतच काही फण्या पिवळ्या झालेल्या असतील, तर उतरवण्याआधीचा फोटो हवा. खोलीत गेल्यावर ते सिद्ध करणं अवघड.

मार लागलेल्या केळ्याचंही तसंच. हिरव्या सालीवर तो नीट दिसत नाही. केळं उभं चिरून आतला तपकिरी, पाणथळ गर दाखवा. साल घासलेली पण गर पांढरा असेल, तर भाव कमी करायला सांगा. नाकारायला ते कारण कमजोर.

समजा 20 किलोचे 450 क्रेट आले. दार, मधला भाग, केबिनकडची बाजू आणि तळ, प्रत्येकी 5 क्रेट उघडले. मग ‘सगळा माल खराब’ असं न लिहिता असं लिहा:

“आपली गाडी (क्रमांक, तारीख) सकाळी 7 ला पोचली. उघडलेल्या 20 पैकी 9 क्रेटमध्ये कोवळी व तयार फणी मिसळलेली, 6 क्रेटमध्ये गराला मार लागलेला. सोबत क्रेट क्रमांकासह फोटो. ठरलेल्या प्रतीचा माल नसल्याने आम्ही तो नाकारत आहोत. माल आपल्या ताब्यासाठी वेगळा ठेवला आहे. संध्याकाळी 5 पर्यंत उचलण्याबाबत कळवावे.”

फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या बल्बखाली हिरवी केळीही पिकल्यासारखी दिसतात. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चिरलेल्या गराचे बारकावे पुसले जातात. अथणी-रायबागकडचा पुरवठादार कन्नडच वाचत असेल, तर कन्नड प्रतही जोडा. ‘पत्र कळलंच नाही’ ही सबब तरी उरणार नाही.