पोस्ट शेड्यूलला टाकायच्या आधी कॅलेंडर कसं तपासायचं

डोंबिवलीतल्या एखाद्या कपड्याच्या दुकानाचं मार्च 2025 चं सोशल मीडियाचं कॅलेंडर घेऊ, म्हणजे पाडव्याची ऑफर. त्यात तीन गोष्टी तपासायच्या, परीक्षा, शोकाचे दिवस आणि गावातले कार्यक्रम.

परीक्षा आधी उरकून टाका, सोपं काम आहे. बोर्डाचं वेळापत्रक उघडा, शेवटचा पेपर बघा. त्या वर्षी दहावी 17 मार्चला संपली, बारावी 18 ला, म्हणून मुलांच्या कपड्यांच्या पोस्ट 19 नंतर.

आता शोकाचे दिवस, मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागायचा. "हॉलिडे लिस्ट डाउनलोड करा" हा सल्ला देणाऱ्यांनी ती लिस्ट स्वतः तरी वाचावी, कारण त्यात फक्त सुट्ट्या असतात, शोक नसतो. संभाजी महाराजांचा बलिदान दिन कुणी 11 मार्चला पाळतं तर कुणी तिथीने, फाल्गुन अमावास्येला, आणि ही अमावास्या म्हणजे बरोब्बर पाडव्याच्या आदला दिवस! 2025 मध्ये ती 29 मार्चला आली, पाडवा 30 ला. आणि आपण "उद्या पाडवा, आजच खरेदी करा, धमाल ऑफर" ही पोस्ट नेमकी 29 लाच लावतो. बरेच जण फाल्गुनाचा सगळा महिनाच पाळतात, गोडधोड, नवे कपडे काही नाही, आणि आपलं गिऱ्हाईकही त्यांच्यातलंच. म्हणून शीटमध्ये तारीख आणि तिथी असे दोन वेगळे कॉलम ठेवा, तिथी पंचांगातून दरवर्षी नव्याने भरा, मागच्या वर्षीची शीट कॉपी करू नका. मी तरी टीझर 27 ला उरकते, 29 ला फक्त दुकानाची वेळ, ढोल-ताशाची रील नाही. आणि कृपा करून 6 डिसेंबरला "शुभेच्छा" लिहू नका, तिथे अभिवादन लिहितात.

अचानक आलेला दुखवटा कॅलेंडरमध्ये सापडणारच नाही. डॉ. मनमोहन सिंग 26 डिसेंबर 2024 च्या रात्री गेले, राष्ट्रीय दुखवटा 1 जानेवारीपर्यंत, म्हणजे थर्टी फर्स्टच्या सगळ्या पोस्ट त्यात अडकल्या. त्यासाठी शेड्यूल करतानाच प्रत्येक पोस्टपुढे "थांबवायची" किंवा "चालेल" असं लिहून ठेवा, म्हणजे रात्री अकराला बातमी आली की विचार करत बसावं लागत नाही, फक्त थांबवायचं. थांबवणारा माणूस एकच ठरवा, त्याच्याकडे लॉगिन हवं. आणि हे हमखास विसरतात, शेड्यूल्ड पोस्ट थांबवल्या तरी पैसे भरलेल्या जाहिराती चालूच राहतात, त्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन वेगळ्या बंद कराव्या लागतात.

राहिले गावातले कार्यक्रम. पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर शोभायात्रा असते, तिथे "सकाळी 9 ला या, पहिल्या 50 जणांना गिफ्ट" लावून उपयोग नाही, गाडीच आत शिरत नाही, वेळ दुपारची द्या. दुसऱ्या दिवशी, 31 ला ईद होती, पण ती चंद्रावर ठरते, म्हणून ईदची पोस्ट शेड्यूलला टाकायचीच नाही, ड्राफ्टमध्ये ठेवायची आणि चंद्र दिसल्याची बातमी आली की हाताने सोडायची.